'व्याज वगर' तीन वर्षांच्या हप्त्यावर घेतलेलं मशीन बुकात कितीला टाकायचं?

बडोद्यात अकाउंट्सच्या लाइनीत नवीन आलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, विशेषतः जे मकरपुरा जीआयडीसीच्या कारखान्यांची बुकं बघतात त्यांच्यासाठी, कारण तिथे ही केस दर दोन-तीन महिन्यांनी कुणा ना कुणाच्या टेबलावर येतेच. शेठ मशीन आणतात, सप्लायर म्हणतो तीन वर्षांत द्या, आणि शेठ खुशीत येऊन सांगतात, "व्याज वगरनुं छे, भाई." म्हणजे बिनव्याजी. आपण बिल हातात घेतो, ६० लाख दिसतात, मशिनरीच्या लेजरला ६० लाख ठोकतो आणि घरी जातो. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, आणि ऑडिटला सरांनी पेनाने ६० वर गोल काढून फक्त एवढंच विचारलं, "आज रोख दिले असते तर कितीला मिळालं असतं?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर कसं काढायचं, तेच खाली आहे.

नियम काय म्हणतो ते आधी बघू, मग आकडे. एएस १० (सुधारित) असो किंवा मोठ्या कंपन्यांचा इंड एएस १६ असो, दोघांमध्ये गोष्ट एकच आहे. मालमत्तेची किंमत म्हणजे ती बुकात घेतली त्या दिवशीची रोख किंमत, आणि पैसे नेहमीच्या उधारीपेक्षा लांबवले असतील तर रोख किंमत आणि एकूण द्यायची रक्कम यांच्यातला फरक हे व्याज, ते उधारीच्या काळात वर्षा-वर्षाला खर्चात टाकायचं. म्हणजे बिलावर 'व्याज शून्य' लिहिलेलं असलं तरी व्याज असतंच, ते फक्त किमतीच्या पोटात लपलेलं असतं. कुठलाही सप्लायर तीन वर्षं थांबतो तेव्हा त्याचं भाडं लावूनच किंमत सांगतो, तो काही धर्मादाय ट्रस्ट चालवत नाही.

आपली केस अशी. राजकोटच्या एका सप्लायरकडून व्हीएमसी मशीन घेतलं, १ एप्रिल २०२३ ला मशीन पण आलं, बिल पण आलं आणि त्याच दिवशी चालू पण झालं. बिलात मशीनचे ६०,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सीजीएसटी ५,४०,००० आणि एसजीएसटी ५,४०,०००. जीएसटी सप्लायरने लगेच घेतला, कारण बिल फाडलं की त्याला तो सरकारला भरावाच लागतो. राहिलेले ६० लाख तीन हप्त्यांत, २० लाख ३१ मार्च २०२४ ला, २० लाख ३१ मार्च २०२५ ला आणि शेवटचे २० लाख ३१ मार्च २०२६ ला.

पहिलं काम, ही उधारी नेहमीची आहे की लांबवलेली ते ठरवा. इथे नवीन लोक विचारतात की किती दिवसांनंतर लांबवलेली मानायची, ९० की १८०? असा आकडा स्टँडर्डमध्ये नाहीये. त्या मालाच्या धंद्यात सर्वसाधारणपणे किती दिवसांची उधारी चालते ते बघायचं. आपल्या सप्लायरच्या छापील कोटेशनमध्ये खाली अटींत 'डिलिव्हरीच्या आधी शंभर टक्के' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे तीन वर्षं म्हणजे लांबवलेली यात वादच नाही. चार-पाच महिन्यांचं प्रकरण असेल तर फरक एवढासा निघतो की कित्येकदा ऑडिटरच म्हणतो राहू दे, पण ते आपण आपल्या मनाने ठरवायचं नाही, आकडा काढून दाखवायचा आणि मग सोडायचा.

दोन गोष्टी या खात्यात येतच नाहीत, त्या आधीच बाजूला काढा. बँकेने टर्म लोन देऊन सप्लायरला पूर्ण पैसे दिले असतील आणि हप्ते बँकेला जात असतील, तर सप्लायरला रोख मिळालेत, मशीन पूर्ण बिलाच्या रकमेने येईल आणि बँकेचं व्याज बँकेच्या स्टेटमेंटप्रमाणे पडेल. आणि दुसरं, करारातच किंमत एवढी आणि वर व्याज एवढे टक्के असं वेगळं लिहिलेलं असेल आणि ते व्याज बाजारभावाचं असेल, तर ती किंमत आधीच रोख किंमत आहे, तिला परत डिस्काउंट करू नका. असं दोनदा कापलेलं मी एका तयार बॅलन्स शीटमध्ये पाहिलंय.

दुसरं काम आणि खरं काम, रोख किंमत शोधणं. सगळे डायरेक्ट एक्सेल उघडून दहा टक्के टाकतात, पण आधी कागद शोधा. परचेसच्या फाइलमध्ये जुनं कोटेशन असतं, मेलमध्ये 'रोखीने घेतलंत तर इतकं' असं लिहिलेलं असतं, नाहीतर सरळ परचेसवाल्या भाऊंना विचारा. फक्त कोटेशनवरची छापील किंमत डोळे झाकून घेऊ नका, राजकोटच्या बाजारात छापील किमतीला कोणी मशीन विकत नाही, शेवटी कितीला तुटलं असतं ते हवं. समजा लेखी मिळालं की रोखीत ५० लाखाला देत होते. मग भांडण संपलं, मशीन ५० लाख, व्याज १० लाख, आणि ते १० लाख तीन वर्षांत वाटायला दर काढायचा:

```
=RATE(3,-2000000,5000000)
```

उत्तर साधारण ९.७० टक्के येतं. हा दर आपण ठरवलेला नाही, तो सौद्याच्या पोटातूनच निघालाय, म्हणून ऑडिटमध्ये सगळ्यात कमी प्रश्न याच पद्धतीत येतात.

पण आमच्या केसमध्ये रोख किंमत कुठेच सापडली नाही, सप्लायरला फोन केला तर तो म्हणाला आता कशाला विचारता, बिल झालं ना. अशा वेळी पुढे द्यायच्या रकमेला आजच्या किमतीत आणायचं, आणि दर घ्यायचा तो जो आपल्या कंपनीला तेवढ्याच मुदतीसाठी, अशाच मशीनवर बँकेने लावला असता. कॅश क्रेडिटचा दर नाही, एफडीचा दर तर अजिबातच नाही. आमच्याकडे त्याच सुमारास दुसऱ्या मशीनसाठी बँकेचं सॅंक्शन लेटर आलेलं होतं, त्यात १० टक्के होते, ते घेतले आणि त्या लेटरची कॉपी वर्किंगच्या मागे लावली. ही कॉपी लावायला विसरू नका, पुढच्या वर्षी दुसराच मुलगा ऑडिटला येतो आणि पहिला प्रश्न हाच विचारतो की दर कुठून आणला.

तिसरं काम, आजची किंमत. हप्ते सारखे आणि बरोबर वर्षाच्या अंतराने आहेत म्हणून साधं:

```
=PV(10%,3,-2000000)
```

येतात ४९,७३,७०४. तारखा वेड्यावाकड्या असतील, म्हणजे पहिला हप्ता सात महिन्यांनी आणि दुसरा सतरा महिन्यांनी, तर PV चालत नाही, तिथे XNPV घ्या आणि पहिल्या ओळीत बिलाची तारीख शून्य रकमेसकट टाका, कारण ते फंक्शन पहिल्या तारखेपासूनच मोजतं. ती शून्याची ओळ विसरलात तर पहिला हप्ता कापलाच जात नाही आणि किंमत फुगून येते. डिलिव्हरीच्या वेळी काही रोख दिलं असेल तर ते जसंच्या तसं मिळवायचं, त्याला डिस्काउंट नाही.

म्हणजे मशीन ४९,७३,७०४ चं, आणि ६० लाखातले उरलेले १०,२६,२९६ हे व्याज.

आता शीट. हीच तीन ओळींची शीट पुढची तीन वर्षं तुमचं रक्षण करते:

| वर्ष संपलं | सुरुवातीची बाकी | १० टक्के व्याज | हप्ता | शेवटची बाकी |
|---|---|---|---|---|
| ३१-३-२०२४ | ४९,७३,७०४ | ४,९७,३७० | २०,००,००० | ३४,७१,०७४ |
| ३१-३-२०२५ | ३४,७१,०७४ | ३,४७,१०७ | २०,००,००० | १८,१८,१८१ |
| ३१-३-२०२६ | १८,१८,१८१ | १,८१,८१९ | २०,००,००० | ० |

शेवटच्या ओळीत एक रुपया राउंडिंगचा ओढलाय, तेवढं चालतं. पण शेवटची बाकी शून्याच्या जागी हजारांत आली तर राउंडिंग म्हणून दाबू नका, कुठेतरी हप्ता वर्षाच्या सुरुवातीला धरलाय नाहीतर दर चुकीचा लागलाय. तीन वर्षांच्या व्याजाची बेरीज १०,२६,२९६ यायलाच हवी, हे ताळ्याचं दुसरं ठिकाण.

व्याज दर वर्षी कमी का होतंय, सारखं का नाही वाटायचं, हा प्रश्न मला स्वतःला खूप दिवस छळत होता. १०,२६,२९६ ला तीनने भागलं की काम झालं असं वाटतं. पण पहिल्या वर्षी आपण सप्लायरचे जवळजवळ ५० लाख वापरतोय आणि शेवटच्या वर्षी फक्त १८ लाख, मग भाडं सारखं कसं असेल? जेवढी बाकी तेवढं व्याज, एवढंच.

दर महिन्याला एमआयएस देणाऱ्यांसाठी एक इशारा. १० टक्क्यांना १२ ने भागून ०.८३ टक्के दर महिन्याला बाकीवर लावू नका, चक्रवाढ होऊन वर्षाचं व्याज १० टक्क्यांच्या वर जातं आणि मार्चला शीट जुळत नाही. नीट करायचं तर महिन्याचा दर साधारण ०.७९७ टक्के येतो, आणि सोपं करायचं तर वर्षाच्या ४,९७,३७० ला बाराने भागा, महिन्या-महिन्यात थोडंसं इकडेतिकडे होईल पण मार्चला बरोबर जुळेल.

टॅलीत एंट्री करताना सगळे अडकतात ते इथे. मशीन ४९.७३ लाखाला घेतलं आणि सप्लायरला पण तेवढंच जमा केलं, तर सप्लायरच्या स्टेटमेंटशी लेजर जुळत नाही, जीएसटीचं बिल पण वेगळं दिसतं, आणि तो राजकोटहून फोन करून ओरडतो की माझे ६० लाख कुठे गेले. म्हणून मी एक वेगळं लेजर उघडतो, नाव 'न पडलेलं व्याज – व्हीएमसी'. एंट्री अशी, मशिनरी नावे ४९,७३,७०४, न पडलेलं व्याज नावे १०,२६,२९६, इनपुट सीजीएसटी नावे ५,४०,०००, इनपुट एसजीएसटी नावे ५,४०,०००, आणि सप्लायरला जमा ७०,८०,०००. सप्लायरचं लेजर त्याच्या बुकाशी जुळलं, जीएसटी जुळला, आणि मशीन बरोबर किमतीला आलं. वर्षाअखेरीला व्याज खर्च नावे ४,९७,३७०, न पडलेलं व्याज जमा ४,९७,३७०. हा खर्च फायनान्स कॉस्टमध्ये जातो, मशिनरी मेंटेनन्समध्ये नाही.

मात्र हे न पडलेलं व्याज बॅलन्स शीटला मालमत्तेच्या बाजूला प्रीपेड म्हणून दाखवू नका. ते आगाऊ दिलेलं नाही, आपण कोणाला दिलेलंच नाही. ते सप्लायरच्या देण्यातून वजा होतं. ३१ मार्च २०२४ ला सप्लायरचं लेजर ४० लाख दाखवेल, न पडलेलं व्याज ५,२८,९२६ राहील, वजा करून ३४,७१,०७४, म्हणजे बरोबर शीटमधला आकडा. आणि हे ३४.७१ लाख ट्रेड पेयेबलमध्ये टाकायचे नाहीत, ते रोजच्या मालासाठी असतं, मशीनचं देणं वेगळं दाखवायचं.

त्यातही चालू आणि दीर्घ मुदतीचा भाग करताना हमखास चूक होते, पुढच्या वर्षी २० लाख द्यायचेत म्हणून २० लाख चालूमध्ये टाकतात. पण त्या २० लाखातले ३,४७,१०७ पुढच्या वर्षीचं व्याज आहे, ते अजून पडलेलंच नाही. म्हणून चालू १६,५२,८९३ आणि दीर्घ मुदतीचे १८,१८,१८१, दोन्ही मिळून ३४,७१,०७४. जुळलं की समजा बरोबर आहे.

आता शेठना कसं सांगायचं, कारण ते नफ्याकडे बघून विचारणारच. शेड्यूल २ प्रमाणे १५ वर्षं आयुष्य आणि ५ टक्के शेवटची किंमत धरली, तर ६० लाखावर वर्षाचं डेप्रिसिएशन ३,८०,००० होतं आणि ४९.७३ लाखावर ३,१५,००१. म्हणजे डेप्रिसिएशन ६४,९९९ ने कमी झालं पण ४,९७,३७० चं व्याज आलं, पहिल्या वर्षीचा नफा ४,३२,३७१ ने पडला. आमचे शेठ चिडलेच, म्हणाले, "तुम्ही मारो नफो खाई गया." त्यांना सांगावं लागलं की खर्च वाढला नाहीये, पुढच्या बारा वर्षांतला पहिल्या तीन वर्षांत आलाय, चौथ्या वर्षापासून दर वर्षी ६४,९९९ जास्त नफा दिसेल. पटलं की नाही माहीत नाही, चहा मात्र मागवला.

व्याज मशीनच्या किमतीतच ठेवता येणार नाही का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तयार व्हायला बराच मोठा काळ, साधारण बारा महिने किंवा जास्त लागतो अशा मालमत्तेसाठीच ती सोय आहे, आणि ती पण वापरासाठी तयार होईपर्यंतच. आमचं व्हीएमसी पहिल्याच दिवशी जॉब कापायला लागलं होतं, त्यामुळे तो दरवाजा बंद.

जीएसटीची एक गोष्ट, जी या सगळ्यात महागात पडते आणि जिचा प्रेझेंट व्हॅल्यूशी काही संबंध नाही. जीएसटी पूर्ण ६० लाखावर लागतो आणि इनपुट क्रेडिट पण पूर्ण मिळतं, पण बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत सप्लायरला मालाची किंमत आणि टॅक्स दिला नाही, तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात क्रेडिट उलटवावं लागतं, वर व्याजाचा प्रश्न वेगळा. आमचे १८० दिवस २८ सप्टेंबर २०२३ ला संपत होते आणि पहिला हप्ता होता मार्चमध्ये. जीएसटीचे पैसे आधी दिले म्हणून आपण सुटलो असं समजू नका, कायदा किमतीबद्दल पण बोलतो. हप्ते देत जाल तसं क्रेडिट परत घेता येतं, म्हणून उलटवलेलं क्रेडिट मशीनच्या किमतीत घालू नका, ते वेगळ्या लेजरला परत मिळायचं म्हणून ठेवा, आणि इन्कम टॅक्समध्ये त्या टॅक्सच्या रकमेवर डेप्रिसिएशन घेतलंत तर ते क्रेडिट कायमचंच जातं. खरं तर हे सौदा करायच्या आधी शेठना सांगायला हवं, बिल आल्यावर नाही, कारण मग हप्ते असे बसवता येतात की रोखीची ओढ कमी होते.

पुढे बँकेचे दर वर गेले किंवा खाली आले तर १० टक्के बदलायचे का? नाही. दर पहिल्या दिवशीचा, तो शेवटपर्यंत तोच. पैसे लवकर दिले तर मात्र काय होतं ते आमच्याकडे घडलंच, म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२५ ला सप्लायरला पैशांची ओढ होती, त्याने सांगितलं शेवटचे २० लाख आता द्या, १८,५०,००० घेतो. शेठ खुश, दीड लाख वाचले म्हणून संध्याकाळी सगळ्यांना सेव उसळ खिलवली. आणि माझ्या शीटमध्ये त्या दिवशीचं देणं होतं १८,१८,१८१, म्हणजे १० टक्क्यांच्या हिशोबाने त्यांनी ३१,८१९ जास्तच दिले होते. एंट्री अशी झाली, सप्लायर नावे २०,००,०००, बँक जमा १८,५०,०००, न पडलेल्या व्याजाचं लेजर बंद करायला जमा १,८१,८१९, आणि फरकाचे ३१,८१९ नावे, सरळ नफा-तोट्याला. मशीनच्या किमतीला हात लावला नाही, ती पहिल्या दिवशीच ठरली होती. शेठना मी हे त्या संध्याकाळी सांगितलं नाही, सेव उसळ संपेपर्यंत थांबलो.